गायकाचे बिल आणि रद्द झालेली संध्याकाळ

आपल्या घरांतून आणि संघांतून वर्षभर काही ना काही समारंभ होत असतात. विवाहाची संगीतसंध्या, वडिलधाऱ्यांचा अमृतमहोत्सव, तपस्येच्या पारण्यानिमित्त भक्तिसंध्या. मंडप, भोजन आणि फुले यांची बिले आपण बारकाईने तपासतो, कारण ती मालाची बिले असतात आणि माल तपासण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. गायक-वादकांचे बिल मात्र बहुधा एका ओळीचे असते आणि आपण ते तसेच स्वीकारतो. ती ओळ साधारण अशी असते: ‘कार्यक्रमाचे मानधन १,२०,००० रुपये, प्रवासखर्च वेगळा, कार्यक्रम रद्द झाल्यास ५० टक्के कपात.’

या ओळीत तीन निरनिराळ्या स्वभावांचे पैसे एकत्र बांधलेले आहेत. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला तर त्याने काही बिघडत नाही. तो रद्द करण्याची वेळ आली म्हणजे मात्र त्या ‘५० टक्के’चा अर्थ प्रत्येकजण आपापल्या परीने लावतो. अशा प्रसंगी दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही कटुता येते. म्हणून या वेळी आपण असे एक बिल उलगडून पाहू.

प्रथम कलावंत नेमके काय विकतो ते ध्यानात घ्यावे. तो एक तारीख विकतो. धान्याचा सौदा मोडला तर पोते गोदामात राहते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भावाने जाते. शनिवारची संध्याकाळ मात्र रविवारी विकता येत नाही. लग्नसराईत तर चांगल्या तारखा मोजक्याच असतात आणि एकाच तारखेसाठी चार यजमान विचारणा करतात. आपल्याला होकार दिल्यानंतर गायक उरलेल्या तिघांना नकार देतो. आगाऊ रक्कम मागण्याचे खरे कारण हा नकार आहे.

महाराष्ट्रात ही रीत जुनी आहे. लोककलावंतांच्या बोलीत कार्यक्रम ठरविण्याला ‘सुपारी’ म्हणतात आणि ठरलेल्या कार्यक्रमाला ‘सुपारी मिळाली’ असे म्हणतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येऊन आपल्या जत्रेची तारीख आणि बिदागी ठरवितात आणि रक्कम देऊन तारीख बांधून घेतात. सुपारी फिरवणे ही तेथे केवळ पैशाची बाब मानली जात नाही. दिलेला शब्द मोडणे, असा तिचा अर्थ होतो.

आता आपले उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, परंतु त्यातील प्रत्येक बाब अशा बिलांत नेहमी येणारी आहे. सोलापूर येथील एका व्यापारी कुटुंबाने आजोबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त पुण्याच्या एका गायिकेचा तीन तासांचा भावगीत-भक्तिगीतांचा कार्यक्रम ठरविला. मानधन १,२०,००० रुपये. त्यात पाच साथीदार व निवेदक आणि ध्वनिव्यवस्थेचे भाडे अंतर्भूत. ठरविताना ४० टक्के, म्हणजे ४८,००० रुपये बँकेतून पाठविले. उरलेले ७२,००० रुपये आणि प्रवासखर्च कार्यक्रमाच्या दिवशी, रंगमंचावर जाण्यापूर्वी द्यावयाचे.

‘रंगमंचावर जाण्यापूर्वी’ ही अट पुष्कळ यजमानांना अविश्वासाची वाटते. तिच्यामागचे कारण साधे आहे. कार्यक्रम संपतो तेव्हा पाहुणे निरोप घेत असतात, यजमान भोजनाच्या पंक्तीकडे असतात आणि पैसे ज्यांच्याकडे ठेवलेले असतात ते गृहस्थ सापडत नाहीत. वाद्ये गाडीत भरून झालेली, साथीदार पेंगुळलेले, आणि गायिका मध्यरात्री मांडवाच्या दाराशी उभी, असे चित्र या व्यवसायातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. यजमानाला ही अट खरोखरच नको असेल तर त्याने आठ दिवस आधी दुसरा हप्ता देऊन कार्यक्रमानंतरची शिल्लक अगदी थोडी ठेवावी. दोघांचेही समाधान होते.

या ४८,००० रुपयांना काय नाव द्यावे, हा पुढचा प्रश्न. आपण दोन शब्द जाणतो, इसारा आणि उचल. इसारा म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. घेणाऱ्याने पाठ फिरविली तर ती रक्कम जाते. उचल म्हणजे किमतीचा आधी दिलेला भाग. सौदा मोडला तर हिशेब करून ती परत व्हावी लागते. कायदाही हा भेद मानतो. बिलात नुसते ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिले असेल तर पुढे एक पक्ष त्याला इसारा म्हणेल आणि दुसरा उचल म्हणेल. म्हणून ठरविताना मिळणाऱ्या पावतीवर एक वाक्य अवश्य असावे: ४८,००० रुपयांपैकी किती रक्कम तारीख राखून ठेवल्याबद्दलचा इसारा आहे आणि किती रक्कम मानधनातील आगाऊ भाग आहे. इसारा मानधनाच्या मानाने बेताचा असावा. चाळीस टक्के सगळाच इसारा म्हणून ठेवणे पुढे वाद झाल्यास टिकणे अवघड असते.

प्रवासखर्चाकडे वळू. पुण्याहून सोलापूर सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५००. गायिकेने पाठविलेल्या हिशेबात मात्र ६०० किलोमीटर आहेत. यजमानाच्या मनात लगेच शंका येते, परंतु येथे लबाडी नाही. बाहेरगावी जाणारी भाड्याची गाडी दिवसाला किमान किलोमीटरच्या हिशेबाने मिळते. गाडी तेवढी धावो वा न धावो, तेवढ्याचे भाडे द्यावे लागते. येथे गाडीवाल्याचा नियम दिवसाला किमान ३०० किलोमीटरचा आणि मंडळी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतणार, म्हणून दोन दिवसांचे ६००. किलोमीटरला २४ रुपये धरले तर १४,४०० रुपये, चालकाचा दोन दिवसांचा भत्ता १,००० रुपये, टोल आणि पार्किंग १,६०० रुपये. एकूण १७,००० रुपये.

मुक्काम न करता त्याच रात्री परतायचे ठरले असते तर किलोमीटर प्रत्यक्षातले ५०० लागले असते, पण अनेक गाडीवाले मध्यरात्र उलटली की दुसरा दिवस मोजतात, आणि पहाटे तीनला महामार्गावर थकलेला चालक ही काटकसर करण्याजोगी गोष्ट नव्हे. सांगायचे इतकेच की ‘प्रवासखर्च वेगळा’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणती गाडी, किती माणसे, किती दिवस, कोणत्या दराने, आणि प्रत्यक्ष पावत्यांप्रमाणे की ठोक रकमेने, हे ठरवितानाच विचारून घ्यावे. ठोक रक्कम ठरली असेल तर मागाहून पावत्या मागू नयेत. पावत्यांप्रमाणे ठरले असेल तर पावतीवाचून पैसे देऊ नयेत. आपल्यातील पुष्कळजण दोन्ही मिसळतात, म्हणजे ठोक रक्कम ठरवितात आणि नंतर टोलच्या पावत्या मोजत बसतात.

आता त्या ५० टक्क्यांकडे येऊ. कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना आजोबांच्या धाकट्या बंधूंचे निधन झाले. घरात दुखवटा, गाण्याचा कार्यक्रम होणे शक्य नव्हते. त्याच संध्याकाळी घरातील थोरल्या मुलाने गायिकेला दूरध्वनी केला आणि पाठोपाठ लेखी निरोपही धाडला. गायिकेने सांत्वन केले. पैशाचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही, आणि ते योग्यच झाले.

आठवड्याने हिशेबाला बसल्यावर असे दिसले की त्या एका ओळीतून तीन आकडे निघतात. ५० टक्के एकूण बिलाचे धरले तर १,३७,००० च्या निम्मे, म्हणजे ६८,५०० रुपये. मानधनाचे धरले तर ६०,००० रुपये. आणि ‘कपात’ हा शब्द दिलेल्या रकमेला लावला, जसा यजमानांनी लावला, तर ४८,००० च्या निम्मे, म्हणजे २४,००० रुपये कापून २४,००० परत. एकाच वाक्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या अर्थांत ४४,५०० रुपयांचे अंतर आहे. पहिल्या अर्थाने यजमानाने आणखी २०,५०० रुपये द्यावयाचे, तिसऱ्या अर्थाने गायिकेने २४,००० परत करावयाचे. कोणीही खोटे बोलत नाही. वाक्यच अपुरे आहे.

यांतला न्याय्य आकडा कोणता, हे ठरविण्यासाठी गायिकेचे खरे नुकसान किती झाले ते पाहावे लागते. तिच्या १,२०,००० रुपयांची फोड अशी आहे. साथीदार आणि निवेदक मिळून सहाजणांच्या ‘नाइट’चे, म्हणजे एका कार्यक्रमाच्या मेहनतान्याचे, ५२,००० रुपये. ध्वनिव्यवस्थेचे भाडे १८,००० रुपये. उरलेले ५०,००० तिचे स्वतःचे. नऊ दिवस आधी कार्यक्रम रद्द झाल्यावर साथीदारांना निम्मी नाइट द्यावयाचा तिचा शिरस्ता आहे, कारण त्यांनीही ती तारीख तिच्यासाठी रिकामी ठेवलेली असते. ते २६,००० रुपये. ध्वनिव्यवस्थेवाल्याकडे भरलेले ५,००० रुपये बुडाले. गाडीवाल्याने ३,००० रुपयांचा इसारा ठेवून घेतला. हा ३४,००० रुपयांचा खर्च तिच्या खिशातून गेलेला आहे. याशिवाय ती संध्याकाळ रिकामी गेली तर तिचे स्वतःचे ५०,००० रुपये बुडाले. एकूण नुकसान ८४,००० रुपये.

या हिशेबाने पाहता मानधनाच्या निम्मे, म्हणजे ६०,००० रुपये, ही अट अवाजवी म्हणता येत नाही. उलट ती नुकसानीहून कमीच आहे. परंतु त्याच तारखेला तिला पुण्यातच दुसरा कार्यक्रम मिळाला असता तर काय? साथीदारांना पूर्ण नाइट मिळाली असती, तिलाही मानधन मिळाले असते, आणि नुकसान गाडीचे ३,००० आणि ध्वनिव्यवस्थेचे ५,००० एवढेच उरले असते. मग ६०,००० मागणे म्हणजे एका तारखेची किंमत दोनदा घेणे होईल.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७४ चा रोख हाच आहे. करारात भंगाबद्दल रक्कम लिहिलेली असली तरी ती जशीच्या तशी मिळते असे नाही. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा मौला बक्ष खटला यासंबंधी नेहमी उद्‌धृत केला जातो. लष्करी मुख्यालयाला बटाटे आणि इतर जिन्नस पुरविण्याचे ते कंत्राट होते. पुरवठा झाला नाही म्हणून सरकारने अनामत जप्त केली. न्यायालयाने ती जप्ती मान्य केली नाही. ती रक्कम इसारा नव्हती, अनामत होती. आणि बाजारातून दुसरा माल घेऊन किती जादा पैसे पडले हे सरकार दाखवू शकत होते, ते त्याने दाखविले नाही.

बटाट्याला बाजारभाव असतो, संध्याकाळीला नसतो. जेथे नुकसान मोजणे मुळातच अवघड असते तेथे दोघांनी आधी विचारपूर्वक ठरविलेल्या रकमेला अधिक मान मिळतो. म्हणून कलावंताच्या बिलातील रद्दीकरणाची अट फेटाळून लावता येईल असे यजमानाने गृहीत धरू नये, आणि लिहिले आहे म्हणून सगळे मिळालेच पाहिजे असे कलावंतानेही धरू नये. या दोहोंना जोडणारे एक वाक्य बिलात असले की पुरते: ‘त्याच तारखेला दुसरा कार्यक्रम मिळाल्यास रद्दीकरण शुल्क प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरते मर्यादित राहील.’ चांगले कलावंत हे वाक्य आनंदाने मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. खळखळ करतात ते बहुधा मधले दलाल.

घरात मृत्यू झाला, मग करार आपोआपच संपत नाही काय, असे यजमान विचारतात. भावना समजण्याजोगी आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने गाणे अशक्य झालेले नसते. यजमानाला ते नको झालेले असते. म्हणून अशा प्रसंगासाठी काही सवलत हवी असेल तर ती बिलात लिहूनच घ्यावी लागते. ‘यजमानाच्या निकटच्या कुटुंबात मृत्यू झाल्यास’ असा उल्लेख करून केवळ प्रत्यक्ष खर्च द्यावयाचा, अशी अट अनेक कलावंत स्वीकारतात. मात्र ‘निकटचे’ म्हणजे कोण तेही लिहावे. आपल्या कुटुंबांचा विस्तार पाहता दुखवट्याच्या नात्यांची यादी फार लांब होऊ शकते, आणि प्रत्येक वेळी नुकसान गायकाने सोसावे ही अपेक्षा बरी नव्हे.

शासनाच्या आदेशाने कार्यक्रमच करता येत नाही, ही स्थिती निराळी. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल-मेचे कितीतरी समारंभ असे बंद पडले. तेथे दोष कोणाचाच नसतो. कलम ५६ प्रमाणे करार निरर्थक होतो आणि कलम ६५ प्रमाणे ज्याला जो लाभ मिळाला असेल तो त्याने परत करावयाचा असतो. तेथे रद्दीकरण शुल्काचा प्रश्नच येत नाही.

उलट बाजूही पाहावी, कारण बिलांत ती हटकून गाळलेली असते. गायिकेनेच कार्यक्रम रद्द केला तर? करार कायदा करणाऱ्यांना गायकांचे प्रसंग परिचित असावेत, कारण कलम ६५ खाली दिलेल्या दाखल्यांत चक्क गायक येतो. एकाने मैफलीत गाण्यासाठी १,००० रुपये आगाऊ घेतले आणि आजारामुळे तो गाऊ शकला नाही. त्या दाखल्याप्रमाणे त्याने यजमानाच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई करावयाची नाही, परंतु घेतलेले १,००० रुपये परत करावयाचे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा आजच्या बिलातही जसाच्या तसा घालण्याजोगा आहे. खऱ्या आजारपणात संपूर्ण आगाऊ रक्कम, इसाऱ्यासह, ठराविक दिवसांत परत. त्याहून अधिक काही नाही. परंतु दुसरीकडे जास्त बिदागी मिळाली म्हणून तारीख सोडली तर ते करारभंग होय, आणि यजमानाला ज्या पायऱ्यांनी शुल्क लागते त्याच पायऱ्यांनी ते कलावंतालाही लागले पाहिजे. पर्यायी गायक पाठवीन, अशी अट असल्यास तो पर्याय यजमानाला पसंत असण्याची अट जोडावी. विशिष्ट आवाज ऐकण्यासाठी पैसे दिलेले असतात.

पायऱ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. सर्व काळासाठी एकच टक्का ठेवणे दोघांनाही अन्यायाचे आहे. दोन महिने आधी रद्द झालेली तारीख पुन्हा भरते. दोन दिवस आधीची भरत नाही. प्रस्तुत उदाहरणात योग्य पायऱ्या अशा झाल्या असत्या: तीस दिवसांहून आधी सूचना दिली तर मानधनाच्या १० टक्के, तीस ते सोळा दिवसांत २५, पंधरा ते आठ दिवसांत ५०, आणि शेवटच्या सात दिवसांत ८० टक्के. शंभर टक्के नाही, कारण न झालेल्या कार्यक्रमात काही खर्च वाचतोच. दिवस कोठून मोजावयाचे तेही लिहावे. लेखी निरोप मिळाल्याचा दिवस धरून, कार्यक्रमाचा दिवस वगळून, अशी सुटसुटीत रीत आहे. केवळ दूरध्वनीवर कळविले तर पुढे दिवसाचा वाद होतो. थोरल्या मुलाने त्याच संध्याकाळी लेखी निरोप धाडला, त्यामुळे येथे तो झाला नाही.

कराबद्दल थोडक्यात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेले पुष्कळ कलावंत जीएसटीखाली नोंदलेले नसतात. अशांनी बिलात कर लावता कामा नये. नोंदणी क्रमांकाविना ‘१८ टक्के’ लिहिलेले बिल सरळ परत करावे. नोंदलेल्या कलावंताला कर लावावाच लागतो, आणि तो प्रवासखर्चावरही लागतो. आपल्या उदाहरणातील गायिका नोंदलेली असती तर १,३७,००० वर २४,६६० रुपये कर पडला असता. त्यांतील ३,०६० रुपये केवळ गाडीच्या खर्चावरचे. प्रवासाची जबाबदारी यजमानाची असे आधीच ठरवून त्याने गाडी स्वतः ठरविली तर ही रक्कम गायिकेच्या बिलात येत नाही. शास्त्रीय वा लोककलेच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर त्या कलावंताच्या सेवेला करमाफी आहे. चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाला ती नाही.

सेवेच्या बाबतीत आगाऊ रकमेवर ती मिळताच कर लागू होतो. मालाच्या आगाऊ रकमेचे तसे नाही, म्हणून व्यापारी वाचकांची येथे गल्लत होते. नोंदलेल्या कलावंताने आगाऊ रकमेची करासह पावती द्यावी, कार्यक्रम न झाल्यास परताव्याची वेगळी पावती द्यावी, आणि अंतिम बिलात आगाऊ रक्कम वजा करून दाखवावी. कार्यक्रम रद्द केल्याबद्दलच्या शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने कर लागतो, असे केंद्रीय कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. आणि घरच्या समारंभाचे बिल पेढीच्या नावावर काढून कराची जमा घेण्याचा मोह टाळावा. वैयक्तिक उपभोगाच्या खर्चाला ती जमा कायद्याने मिळतच नाही.

सोलापूरच्या हिशेबाकडे परत येऊ. गायिका जीएसटीखाली नोंदलेली नव्हती, त्यामुळे कराचा प्रश्न नव्हता. तारीख रिकामीच गेली होती. अमृतमहोत्सव रद्द न करता पुढे ढकलावा, अशी घरच्यांची इच्छा होती, आणि आजोबांचीही. पुढे ढकलणे आणि रद्द करणे हे दोन निराळे व्यवहार आहेत. मूळ बिलात मात्र पहिल्याचा उल्लेखच नव्हता. म्हणून दोघांनी तो नव्याने लिहून काढला. सहा महिन्यांच्या आत, गायिका मोकळी असेल अशी तारीख; दिलेले ४८,००० रुपये नव्या तारखेला जमा; मानधन तेच; पहिल्या तारखेपोटी प्रत्यक्ष बुडालेला खर्च यजमानाने द्यावयाचा; आणि दुसऱ्यांदा तारीख बदलल्यास ते रद्द करणे मानले जाईल.

कार्यक्रम अडीच महिन्यांनी झाला. अंतिम बिलात चार ओळी होत्या. मानधन १,२०,००० रुपये. गाडी, चालकभत्ता व टोल, पावत्यांप्रमाणे, १७,००० रुपये. पहिल्या तारखेचा बुडालेला खर्च, म्हणजे साथीदारांची निम्मी नाइट २६,०००, ध्वनिव्यवस्था ५,००० आणि गाडीचा इसारा ३,०००, मिळून ३४,००० रुपये. वजा आगाऊ ४८,००० रुपये. देणे १,२३,००० रुपये, आणि ते रंगमंचावर जाण्यापूर्वी पोहोचले.